चौथीतला मुलगा, तोंडी सगळं येतं पण पेपरात उतरत नाही. एक्झिक्युटिव्ह फंक्शनबद्दल विचारायचं आहे

सायली_नाशिक

नमस्कार मंडळी. माझा मुलगा चौथीत आहे, सेमी इंग्रजी. परवा पालकसभेत वर्गशिक्षिका म्हणाल्या की तोंडी विचारलं तर वर्गात पहिलं उत्तर याचं येतं, पण वही आणि पेपर बघितले तर ते दुसऱ्याच मुलाचे वाटतात. गणिताच्या स्वाध्यायात मध्येच भलतीच क्रिया करतो, पेपर अर्धा सोडून येतो, प्रकल्प कधीच वेळेत देत नाही. आणि पी.टी.चा तास रद्द झाला किंवा बदली शिक्षक आले की त्याचा सगळा दिवस बिघडतो. "एकदा एडीएचडीसाठी दाखवून घ्या", म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा यासाठी, असं त्यांनी सुचवलं. शाळेच्या समुपदेशक बाईंनी एक्झिक्युटिव्ह फंक्शन हा शब्द वापरला. कामाची आखणी करणं, स्वतःला आवर घालणं आणि परिस्थिती बदलली की आपणही बदलणं असं सगळं त्यात येतं म्हणाल्या. तेवढ्यात पुढचे पालक आत आले आणि बोलणं अर्धवट राहिलं.

घरी हाच मुलगा दोन-दोन तास ठोकळ्यांचा किल्ला बांधत बसतो, त्यामुळे "लक्षच नाही" हे मला पटत नाही. माझे दोन प्रश्न आहेत. या तिन्हींपैकी नेमकं कुठे अडतंय हे घरच्या घरी ओळखता येतं का? आणि डॉक्टरांकडे कधी जायचं?

गोखले_काका

सायली, यात घाबरण्यासारखं काही नाही. लिहायचा कंटाळा हे यामागचं खरं कारण. रोज एक पान शुद्धलेखन, दुहेरी रेघांची वही, शाईचं पेन. हात चालायला लागला की पेपर पूर्ण होतो. शिकवणीला घालणार असशील तर जिथे रोज लिहून घेतात तिथेच घाल.

सायली_नाशिक

काका, आभारी आहे. पण त्याचं अक्षर चांगलं आहे आणि वेगही बरा आहे. निबंध द्या, दोन पानं सहज लिहितो. अडचण अशी की चार ओळींचं उत्तर हवं असतं तिथेही तो दोन पानं लिहितो.

वैदेही_म

सायलीताई, तुमचं हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, त्यावर मी परत येते.

मी शाळेतल्या रिसोर्स रूममध्ये विशेष शिक्षिका आहे. मूल माझ्याकडे पाठवलं की मी आधी त्याच्या वह्या आणि जुन्या उत्तरपत्रिका मागवते. मूल आळशी आहे की हट्टी यावर चर्चा करत बसलं की काहीच हाती लागत नाही. चूक पानावर नेमकी कुठे पडली आहे ते बघितलं की बरंच कळतं, कारण तुम्ही म्हणता त्या तिन्ही अडचणींचा शेवट एकच दिसतो, चुकलेलं आणि अर्धवट काम. फक्त चुकांची जागा वेगवेगळी असते.

आवर घालण्यात अडचण असेल तर चुका पानभर विखुरलेल्या असतात. सोप्या गणितातही आणि अवघड गणितातही. पहिलं जे सुचलं ते लिहून मोकळं. 'अयोग्य विधान ओळखा' हा प्रश्न यासाठी मला फार उपयोगी वाटतो. मुलांना बरोबर ते शोधायची सवय लागलेली असते, आणि इथे नेमकी तीच सवय रोखायची असते. असं मूल पहिलं योग्य विधान दिसलं की खूण करून पुढे जातं. त्यालाच बोट ठेवून प्रश्न मोठ्याने वाचायला सांगितला तर बहुतेक वेळा स्वतःच "अरे, अयोग्य!" म्हणून दुरुस्त करतं.

लवचीकता कमी पडत असेल तर काहीतरी बदललं की तिथपासून चुका सुरू होतात. सहा बेरजा बरोबर सोडवल्या, मग वजाबाकी आली, तरी पुढच्या दोन-तीन उदाहरणांत बेरीजच चालू. चिन्ह कोणतं असं विचारलं तर अचूक सांगतं. म्हणजे दिसतंय, येतंय, पण हात जुन्याच रस्त्यावर आहे. वेळापत्रक बदलल्यावर चिडणं, एका रीतीने गणित येत असलं की दुसरी रीत नाकारणं, गटात खेळताना नियम बदलला की रडारड, हे त्याचेच भाऊबंद.

आखणीसाठी उत्तरपत्रिका पाहा. तिथे प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तर बरं असतं, पण सगळ्याचा मेळ बसलेला नसतो. दोन गुणांना पाऊण पान, पाच गुणांना दोन ओळी, आणि शेवटचे प्रश्न कोरे. कोरे म्हणजे येत नव्हते असं नाही, तिथपर्यंत तो पोचलेलाच नसतो.

एका पानावरून ठरवू नका. निदान तीन-चार विषयांचं काम समोर ठेवा. आणि फळ्यावरून उतरवताना मधलेच शब्द गळतात का, एकदम तीन सूचना दिल्या तर तिसरी हरवते का, तेही बघा. तसं असेल तर वेगळा विचार करावा लागेल.

अभिजित_द

या विषयावर बरंच वाचलंय म्हणून लिहितो. हे सगळं मेंदूच्या पुढच्या भागातून, प्रीफ्रंटल कॉर्टेक्समधून चालतं आणि तो भाग पंचविशीपर्यंत वाढत असतो. त्यामुळे चौथीतल्या मुलाकडून अपेक्षाच चुकीची आहे, थांबलात तर आपोआप जागेवर येईल. हवं तर मेमरी वाढवणारे खेळ असतात मोबाइलवर, रोज पंधरा मिनिटं. आणि संयम शिकवा. तो मार्शमेलोचा प्रयोग सगळ्यांना माहीतच असेल, ज्या मुलांनी खाऊ समोर असून वाट बघितली ती पुढे आयुष्यात यशस्वी झाली.

मिलिंद_बालरोगतज्ज्ञ

अभिजित, मेंदू विशीच्या पलीकडेही घडत असतो हे बरोबर आहे. पण त्यावरून "थांबा" असा सल्ला निघत नाही. चौथीतल्या मुलाची तुलना मोठ्या माणसाशी कोणी करतच नाहीये, ती चौथीतल्याच इतर मुलांशी होतेय. वर्गातली बहुतेक मुलं जे करू शकतात ते याला वर्षभर जमत नसेल तर ती माहिती आहे, ती वाया घालवू नये.

एडीएचडी असलेल्या मुलांच्या मेंदूचं स्कॅनिंग करून फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये दाखवलं होतं की मेंदूच्या बाह्यावरणाची जाडी कळसाला पोचण्याचं सरासरी वय इतर मुलांत साडेसात आणि या मुलांत साडेदहा होतं. म्हणजे उशीर होतो, सर्वात जास्त पुढच्याच भागात. पण शाळा त्या तीन वर्षांसाठी थांबत नाही. मधल्या काळात मूल रोज "निष्काळजी" हा शेरा घेऊन घरी येतं.

मार्शमेलोबद्दल. तो वॉल्टर मिशेल यांचा प्रयोग, आणि सुरुवातीची मुलं स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतली होती. 2018 मध्ये वॉट्स, डंकन आणि क्वान यांनी बऱ्याच मोठ्या आणि मिश्र गटावर तपासलं तेव्हा थांबणं आणि पुढचं यश यांचा संबंध पुष्कळ कमी निघाला, आणि घरची परिस्थिती हिशेबात घेतली की आणखी खाली आला. चार वर्षांचं मूल एकदा थांबलं की नाही यावरून त्याचं भविष्य सांगायचं नसतं.

वैदेही_म

मोबाइलवरच्या खेळांबद्दल मीही लिहिते, कारण पालक यावर खूप पैसे घालवतात. मोनिका मेल्बी-लेर्व्हाग आणि चार्ल्स ह्युम यांनी 2013 मध्ये वर्किंग मेमरीच्या, म्हणजे काम करताना माहिती तेवढ्यापुरती डोक्यात धरून ठेवण्याच्या क्षमतेच्या, प्रशिक्षणावरचे अभ्यास एकत्र तपासले. मुलं त्या खेळात आणि त्यासारख्याच कामांत तेवढ्यापुरती सुधारतात, पण ती सुधारणा वाचनात किंवा गणितात उतरत नाही. माझा अनुभवही तोच आहे. वहीत सुधारणा हवी असेल तर काम वहीवरच करावं लागतं.

गुरुजी_नंदुरबार

जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, दोन वर्ग एकत्र सांभाळतो. वैदेहीताईंचं पटतं, पण आमच्याकडची एक गोष्ट सांगतो. आमची मुलं घरी पावरी बोलतात. पहिली-दुसरीत मी मराठीत तीन सूचना दिल्या की मूल पहिली करतं आणि मग दुसऱ्याकडे बघत बसतं. बाहेरून आलेल्या माणसाला वाटतं की लक्ष नाही, आखणी नाही. त्याच मुलाला पावरीत सांगा, नाहीतर शेळ्या घेऊन पाठवा. कोणती कुठे गेली, पाणी कुठे पाजायचं, परत कधी निघायचं, सगळं चोख. म्हणून मी आधी भाषा तपासतो. घरच्या भाषेतही आणि आवडीच्या कामातही तेच अडत असेल तरच पुढचा विचार करतो.

सायली_नाशिक

वैदेहीताई, तुम्ही म्हणालात तसं सगळं काढून बसले. जे दिसलं ते लिहिते.

गणिताचं एक पान बारा उदाहरणांचं आहे. पहिल्या सहा बेरजा, सगळ्या बरोबर. सातवं, आठवं, नववं उदाहरण वजाबाकीचं, तिन्हींत त्याने बेरीज केलीय, आणि बेरीज म्हणून ती अचूक आहे! दहापासून पुढे वजाबाकी बरोबर. दुसऱ्या एका पानावर गुणाकारानंतर भागाकार आला तिथेही थोडंफार असंच.

अयोग्य विधानांचे प्रश्न मात्र बहुतेक बरोबर आहेत. पानभर विखुरलेल्या चुका मला दिसल्या नाहीत.

परिसर अभ्यास भाग 2 चा पेपर बघून मात्र वाईट वाटलं. अफजलखानाच्या भेटीवर दोन गुणांचा प्रश्न होता. त्याने शामियाना, वाघनखं, चिलखत, संभाजी कावजी, जिवा महाला असं सगळं दीड पान लिहिलंय. आणि शेवटचे दोन प्रश्न, मिळून आठ गुण, रिकामे. घरी विचारलं तर दोन्हींची उत्तरं लगेच सांगितली.

वैदेही_म

छान बघितलंत. यावरून आवर घालण्याची अडचण मला फारशी दिसत नाही. बदल करताना अडतं आणि आखणीत जास्त अडतं. पण खात्रीसाठी एक करून बघा. तेवढ्याच अवघड बारा उदाहरणांची दोन पानं तयार करा. पहिल्या पानावर चिन्हं सुरुवातीपासूनच एकाआड एक. दुसरं पान शाळेतल्यासारखं, सहा आणि सहा, पण सोडवायच्या आधी त्याला फक्त चिन्हांना गोल करायला सांगा. दोन्ही पानं एकाच दिवशी नकोत, दमलेला असताना नकोत.

पहिल्या पानावर चुका कमी झाल्या तर क्रिया येते, रुळलेल्या गोष्टीपासून सुटणं अवघड जातंय असं समजा. दोन्ही पानांवर वजाबाक्याच चुकल्या तर मग हातच्याच्या वजाबाकीचा पायाच कच्चा आहे, आणि त्यावर उपाय वेगळा.

"चिन्ह कळतं तरी करत नाही" याचं पालकांना फार नवल वाटतं, म्हणून थोडं लिहिते. फिलिप झेलाझो यांची लहान मुलांसाठी पत्त्यांची एक चाचणी आहे. पत्त्यांवर ससे आणि होड्या, काही लाल आणि काही निळ्या. आधी रंगाप्रमाणे वाटायला सांगतात. मग सांगतात, आता रंग नाही, चित्राप्रमाणे वाटायचे. तीन वर्षांची बरीच मुलं रंगाप्रमाणेच वाटत राहतात. गंमत म्हणजे मध्येच थांबवून विचारलं की या नव्या खेळात ससे कुठे जातात, तर ती बरोबर पेटी दाखवतात, आणि पुढचा पत्ता परत रंगाच्याच पेटीत टाकतात. पाच वर्षांच्या आसपास बहुतेक मुलांना ही अदलाबदल जमते. नियम ठाऊक असणं आणि त्याप्रमाणे हात वळणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. चौथीतल्या मुलाला पत्त्यांचं ते काम सहज जमेल, पण काम अवघड झालं, घाई असली, वर्गात गोंगाट असला की तोच प्रकार पुन्हा वर येतो. त्यामुळे "तुला कळत कसं नाही" हे वाक्य त्याला लागू होत नाही. त्याला कळतंय.

रेवा_न्यूजर्सी

माझी मुलगी आता तेरा वर्षांची आहे. तिच्याबद्दल कधीच कोणी तक्रार केली नाही, कारण ती वर्गात गप्प बसायची. पाचवीपर्यंत एकच शिक्षिका, सगळं त्याच सांगायच्या, त्यामुळे निभावलं. मिडल स्कूलमध्ये प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक, वेगळी खोली, वेगळ्या तारखा. तिथे ती कोसळली. गृहपाठ केलेला असायचा आणि बॅगेतच राहायचा. मला वाटायचं की ती खोटं बोलतेय. गडबड करणारी मुलं लवकर नजरेत येतात, अशा मुली निसटतात. म्हणून मुलींच्या पालकांनीही हा धागा वाचावा.

इथे तिला 504 प्लॅन मिळाला, म्हणजे 1973 च्या कायद्याप्रमाणे शाळेने द्यायच्या सवलती. त्यात परीक्षेला जास्त वेळ होता. त्याचा सुरुवातीला काहीच फायदा झाला नाही, कारण वेळ कसा वापरायचा हेच तिला कळत नव्हतं. जास्तीच्या वेळात ती पहिल्याच प्रश्नावर जास्त लिहायची. सूचना लेखी मिळायला लागल्या आणि मोठ्या कामाचे तुकडे करून प्रत्येकाला वेगळी तारीख मिळाली, तेव्हा फरक पडला.

सायली_नाशिक

रेवा, हे अगदी माझ्या मुलाचंच वर्णन वाटतंय.

दोन्ही पानं करून झाली. एकाआड एक चिन्हांच्या पानावर एकच चूक. गोल करायच्या पानावर सातवं उदाहरण चुकता चुकता थांबला, स्वतःच खोडलं, बाकी बरोबर. म्हणजे वजाबाकी येते.

आता आखणीचं विचारते. पुढच्या शुक्रवारी प्रतापगडाचा प्रकल्प द्यायचा आहे. गेल्या खेपेला त्याने पहिले सगळे दिवस फक्त मुखपृष्ठ रंगवलं आणि आदल्या रात्री मी जागून बाकीचं केलं. या वेळी काय करू?

वैदेही_म

या वेळी शेवटापासून सुरुवात करा. कोऱ्या कागदावर त्याला पूर्ण झालेला प्रकल्प कसा दिसेल ते काढायला सांगा. किती पानं, कुठल्या पानावर काय. चित्र सुबक नको, चौकोन आणि त्यात दोन शब्द पुरेत. या मुलांना "प्रकल्प कर" म्हटलं की डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही, म्हणून जे समोर दिसतं आणि आवडतं तेवढंच होतं, म्हणजे मुखपृष्ठ.

समजा चार पानं ठरली. नकाशा, गडाची माहिती, अफजलखान प्रसंग, मुखपृष्ठ. मग त्यालाच विचारा, शुक्रवारी सकाळी हे हातात असायला हवं तर गुरुवारी रात्री काय झालेलं असेल? फक्त पानं टाचणं आणि बॅगेत ठेवणं. बुधवारी? मुखपृष्ठ. असं मागे मागे येत रविवारपर्यंत या. प्रत्येक वारासमोर एकच काम, त्याच्याच अक्षरात. मुखपृष्ठ मुद्दाम मागे ढकलायचं.

दुसरं, वेळेचा अंदाज. प्रत्येक काम सुरू करायच्या आधी त्याला विचारा, किती वेळ लागेल? लिहून ठेवा. झालं की खरा वेळ शेजारी लिहा. नकाशाला दहा मिनिटं म्हणाला आणि पाऊण तास लागला तर ओरडू नका, नुसते दोन आकडे शेजारी शेजारी दिसू द्या. काट्याचं घड्याळ असेल तर काचेवर स्केचपेनने तेवढा तुकडा रंगवा. वीस मिनिटं किती मोठी असतात ते त्यांना आकड्यावरून कळत नाही, रंगवलेल्या तुकड्यावरून कळतं.

पेपरासाठीही तेच. प्रश्नपत्रिका हातात आली की आधी सगळी वाचायची आणि प्रत्येक प्रश्नाच्या बाजूला ओळींचा आकडा लिहायचा. दोन गुण म्हणजे चार ओळी. चार ओळी झाल्या की पुढचा प्रश्न, उरलेलं संभाजी कावजीचं शेवटी वेळ राहिला तर. घरी जुन्या प्रश्नपत्रिकेवर उत्तरं न लिहिता नुसते आकडे घालायचा सराव आधी करून घ्या.

आणि चिन्हांसाठी एक वाक्य पाठ करून घ्या: "चिन्ह बदललं, तर मी पेन्सिल उचलून गोल करीन." नुसतं "लक्ष दे" म्हणून उपयोग होत नाही. 'अमुक झालं तर तमुक करीन' अशी आधी ठरवलेली जोडी जास्त टिकते. काटेरिना गाव्ह्रिलोव्ह आणि पीटर गोलवित्झर यांनी 2008 मध्ये एडीएचडी असलेल्या मुलांवर हे तपासलं होतं, तिथे अशा जर-तरच्या वाक्याने मुलांना स्वतःला थांबवणं जास्त जमलं.

गोखले_काका

वाचतोय सगळं. माझी एक शंका आहे. आई आठवडाभर मागे बसून वार आखणार, घड्याळ रंगवणार, मग मुलगा स्वतः कधी शिकणार? आमच्या वेळी प्रकल्प नव्हते, पण दप्तर आपलं आपण भरत होतो. विसरलं तर छडी बसायची, आणि परत विसरत नव्हतो.

वैदेही_म

काका, शंका रास्त आहे. कुबडी कायमची झाली तर नुकसानच आहे. म्हणून मी पालकांना सांगते की आखणी मुलाच्या अक्षरात हवी आणि दर प्रकल्पाला आपला एक तुकडा कमी करायचा. या वेळी वार तुम्ही विचारा, पुढच्या वेळी "शुक्रवारी द्यायचंय, कागद कुठाय?" एवढंच म्हणा.

छडीचं मात्र पटत नाही. छडीने ज्याला जमत होतं तो सावध व्हायचा. ज्याला जमत नव्हतं तो रोज छडी खायचा, आणि त्याला आपण 'ढ' म्हणून विसरून गेलो.

गोखले_काका

आमच्या वर्गात असे दोघे होते खरे. तरीही आईने किती मागे बसायचं यावर माझं समाधान झालेलं नाही.

गुरुजी_नंदुरबार

काकांचा प्रश्न मलाही पडतो, आणि माझ्याकडे तर प्रत्येकाच्या मागे बसायला माणूसच नाही. मी एवढंच करतो की फळ्याच्या डाव्या कडेला आजच्या कामाचे तीन टप्पे लिहितो आणि टप्पा झाला की एका मुलाला उठून खोडायला सांगतो. तास बदलणार असेल तर सकाळीच वेळापत्रकावर खूण करतो आणि पाच मिनिटं आधी पुन्हा सांगतो. ज्यांना गरज नाही त्यांचं त्यात काही बिघडत नाही. सायलीताई, तुमच्या बाईंना इतकं तरी मागता येईल.

मिलिंद_बालरोगतज्ज्ञ

तुमचा दुसरा प्रश्न राहिला, डॉक्टरांकडे कधी जायचं.

एडीएचडी आणि एक्झिक्युटिव्ह फंक्शनची अडचण या एकच गोष्टी नाहीत. एडीएचडी असलेल्या सगळ्याच मुलांना या चाचण्यांत कमी गुण मिळतात असं नाही, आणि आखणी कच्ची असलेलं प्रत्येक मूल एडीएचडीचं नसतं. निदानासाठी लक्षणं निदान सहा महिने, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी, आणि बाराव्या वर्षाच्या आधीपासून असायला हवीत, शिवाय त्यामुळे रोजचं काम अडायला हवं. फक्त एका बाईंच्या तासाला दिसतं आणि इतर कुठेच नाही, असं असेल तर मी आधी त्या तासाबद्दल विचारतो. ठोकळ्यांवर दोन तास बसतो म्हणून एडीएचडी नाही, असंही मात्र नसतं. आवडीच्या कामात ही मुलं रमतात.

त्याआधी साध्या गोष्टी तपासून घ्या. डोळे आणि कान. रात्री घोरतो का, तोंडाने श्वास घेतो का, कारण ॲडेनॉइड, म्हणजे नाकामागची गाठ, वाढलेलं मूल नीट झोपत नाही आणि दिवसा अगदी असंच वागतं. आणि बोलता बोलता काही सेकंद एकदम थिजतो का, हाक ऐकत नाही आणि मग जिथे होता तिथून पुढे चालू होतो का. असं दिवसातून अनेकदा होत असेल तर तो फिटचा एक प्रकार असू शकतो. त्यासाठी ईईजी लागतो, आणि त्यावर औषध आहे. "तंद्रीत असतो" म्हणून अशी मुलं वर्षानुवर्षं ओरडा खातात.

मुलाचा जन्म कधीचा?

सायली_नाशिक

डिसेंबरचा, शेवटच्या आठवड्यातला. घोरत नाही. थिजल्यासारखं मी तरी बघितलेलं नाही, बाईंना विचारते.

मिलिंद_बालरोगतज्ज्ञ

मग हेही डॉक्टरांना सांगा. आपल्याकडे प्रवेशाचं वय डिसेंबरअखेर मोजतात, म्हणजे तो वर्गातल्या सगळ्यात लहान मुलांपैकी आहे, जानेवारीत जन्मलेल्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने लहान. या वयात वर्षाचा फरक मोठा असतो. अमेरिकेत 1 सप्टेंबर ही प्रवेशाची तारीख असलेल्या राज्यांत ऑगस्टमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गात सगळ्यात लहान असलेल्या मुलांना एडीएचडीचं निदान सप्टेंबरच्या मुलांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने जास्त मिळालेलं आढळलं, 2018 चा अभ्यास आहे. याचा अर्थ तुमच्या मुलाला काही नाही असा नाही. तुलना वयाशी व्हावी, इयत्तेशी नको, एवढंच.

अभिजित_द

डॉक्टर, मग सरळ मानसशास्त्रज्ञाकडून टेस्ट करून घेतलेली बरी ना? आकडा आला की विषय संपला.

मिलिंद_बालरोगतज्ज्ञ

नाही संपत. चाचणी शांत खोलीत होते. समोर एकच मोठं माणूस, तेच सांगतं आता हे कर, आता ते कर. म्हणजे ज्या आखणीची अडचण आहे ती तिथे दुसरंच कोणी करून देत असतं. म्हणून चाचणीत छान आणि वर्गात बेजार, असं बऱ्याचदा होतं. टोप्लाक, वेस्ट आणि स्टॅनोविच यांनी 2013 मध्ये दाखवलं की चाचणीतले गुण आणि पालक-शिक्षकांनी भरलेल्या प्रश्नावल्या यांचा आपसात संबंध फारच कमी असतो. दोन्ही लागतात. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून बाईंचं म्हणणं खोटं ठरत नाही.

रेवा_न्यूजर्सी

सायली, शाळेत सवलत मिळेल का याची चौकशीही करून ठेव. आमच्या नात्यातल्या एका मुलाला मुंबईत एलडीच्या, म्हणजे अध्ययन अक्षमतेच्या, सर्टिफिकेटवर जास्त वेळ मिळाला.

वैदेही_म

तिथे फरक आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत एकवीस प्रकार आहेत, त्यात अध्ययन अक्षमता आहे पण एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. या मुलाच्या वाचन-लेखनात तशी अडचण दिसत नाही, त्यामुळे तो रस्ता त्याचा नसावा. चौथीत सर्टिफिकेटची घाईही नको. पेपर देताना "आधी सगळा वाच, आकडे घाल" ही एक ओळ बाईंनी आठवण म्हणून सांगितली तरी पुष्कळ होईल, आणि त्याला सर्टिफिकेट लागत नाही.

सायली_नाशिक

प्रकल्पाच्या कागदावर चार चौकोन काढून झाले. मुखपृष्ठ बुधवारी, हे ऐकून थोडा फुगून बसला, मग म्हणाला नकाशा आज करतो. नकाशाला पंधरा मिनिटं लागतील असा त्याचा अंदाज होता, लागली चाळीस. दोन्ही आकडे लिहून ठेवलेत.

बालरोगतज्ज्ञांची वेळ मिळाली आहे. एडीएचडी आहे की नाही याबद्दल मी अजून काहीच ठरवलेलं नाही. जाताना काय काय नेऊ?

मिलिंद_बालरोगतज्ज्ञ

ती बारा उदाहरणांची तिन्ही पानं आणि तो परिसर अभ्यासाचा पेपर न्या. वर्गशिक्षिकांकडून चार ओळी लिहून घ्या. त्यात शेरे नकोत, काय घडतं ते हवं, म्हणजे कुठल्या तासाला, कशानंतर, किती वेळा. आणि दुसरीच्या वह्या घरात असतील तर त्याही शोधा. तेव्हाही क्रिया बदलली की असंच व्हायचं का, हे त्यातून दिसेल.

सायली_नाशिक

दुसरीच्या गणिताच्या वह्या माळ्यावर आहेत. काढते.